हर्क्युलिसची दोन कामं बाद का झाली?

प्रश्न: आमच्या शाळेत सहावी ते नववीच्या मुलांसाठी संध्याकाळी प्रश्नमंजूषा आहे. विषय: प्राचीन पुराणकथांतले देव आणि वीर, म्हणजे ग्रीक, नॉर्स, इजिप्तचे आणि आपलेही. प्रास्ताविक माझ्याकडे आलंय, तीन-चार मिनिटांचं. मी भूगोल शिकवते, या विषयातलं मला फारसं येत नाही. माहिती जमवत गेले तर दहा पानं झाली. काय बोलू आणि काय गाळू?

उत्तर:

ती दहा पानं सध्या कपाटात राहू द्या. प्रास्ताविकाला एकच गोष्ट पुरते, फक्त ती अशी निवडायची की त्या संध्याकाळचे नियम तिच्या पोटातच असावेत. मग नियमांचा कागद वेगळा वाचावा लागत नाही. (तो वाचत असताना निम्मी मुलं समोरच्या संघाकडे बघून खुणा करत असतात, हे तुम्हालाही माहीत असेल.) पुराणकथांच्या क्विझसाठी मला अशी एक गोष्ट सापडली आहे आणि गेली कित्येक वर्षं मी तीच थोडीफार फिरवून वापरतो.

हर्क्युलिसची बारा कामं सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण एका जुन्या कथेप्रमाणे ती मुळात दहाच ठरली होती. अपोलोडोरसच्या नावावर ‘बिब्लिओथेकी’ नावाचा एक ग्रीक कथासंग्रह आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यात डेल्फीची देववाणी त्याला सांगते की टिरिन्सला जा, युरिस्थियस राजाची बारा वर्षं चाकरी कर आणि तो देईल ती दहा कामं पार पाड. पहिलं काम नेमियाचा सिंह. दुसरं लर्नाच्या दलदलीतली हायड्रा, अनेक तोंडांची नागीण. एक डोकं उडवलं की तिथे दोन उगवायची. त्यात एक मोठा खेकडा तिच्या मदतीला धावून आला आणि हर्क्युलिसच्या पायाला डसला. त्याने खेकड्याला मारलं आणि मग, तिला मदत चालते तर मलाही चालेल अशा हिशेबाने, आपल्या पुतण्याला, आयोलाउसला हाक मारली. आयोलाउसने पेटती लाकडं आणली. काका डोकं उडवणार आणि पुतण्या लगेच ती जागा डागणार, म्हणजे नवीन डोकं फुटायलाच नको. मधलं एक डोकं अमर होतं. ते कापून पुरलं आणि वर भलामोठा धोंडा ठेवला.

काम झालं, पण युरिस्थियस म्हणाला, हे धरणार नाही, तुला मदत होती.

पाचवं काम ऑजियस राजाच्या गोठ्यातलं शेण एका दिवसात काढण्याचं. हर्क्युलिसने युरिस्थियसच्या हुकमाबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि ऑजियसशी परस्पर सौदा केला: एका दिवसात गोठा साफ केला तर गुरांचा दहावा हिस्सा माझा. ऑजियसच्या मुलालाच त्याने साक्षीला ठेवलं. मग आल्फियस आणि पेनियस या दोन नद्यांचं पाणी वळवून गोठ्यातून सोडलं. गोठा स्वच्छ झाला, पण ऑजियसने गुरं दिली नाहीत, आणि युरिस्थियसने ऐकल्यावर तेही काम बाद केलं, कारण ते मोबदला ठरवून केलेलं होतं. दहा कामं आठ वर्षं आणि एका महिन्यात संपली होती. या दोन बाद कामांपायी आणखी दोन अंगावर आली: हेस्पेरिडी नावाच्या अप्सरांची सोन्याची सफरचंदं, आणि पाताळातला कुत्रा सेर्बेरस.

म्हणजे पंच, गुणलेखक, बाहेरून मिळालेली मदत, गुणांवरून वाद आणि राखीव प्रश्न, सगळं एकाच गोष्टीत आहे. आता याचं भाषण कसं होतं ते बघा. खालचा मसुदा आहे तसा वापरलात तरी हरकत नाही.

“नमस्कार. सहा संघ समोर बसलेत आणि काहींची बोटं आत्तापासूनच बझरवर आहेत. ती जरा काढा. तुमच्याआधी एका स्पर्धकाची गोष्ट सांगायची आहे. त्याचं नाव हर्क्युलिस. ग्रीक लोक त्याला हेराक्लीज म्हणायचे, आज दोन्ही नावं चालतील.

त्याच्यापुढे दहा प्रश्न होते आणि युरिस्थियस नावाचा एक राजा क्विझमास्तर होता. दुसरा प्रश्न होता हायड्रा. एक डोकं कापलं की दोन उगवायची. हर्क्युलिस कापून कापून दमला. शेवटी त्याने पुतण्याला हाक मारली. पुतण्याने पेटतं लाकूड आणलं. काकाने कापायचं, पुतण्याने डागायचं. उत्तर बरोबर आलं. पण क्विझमास्तर म्हणाले, शून्य गुण, मागून कुणीतरी सांगितलं.

अशीच एक अडचण आपल्याकडेही आली होती. रक्तबीज. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथे दुसरा तसाच असुर उभा. तिथे चामुंडेने थेंब जमिनीवर पडूच दिला नाही, वरच्या वर पिऊन टाकला. ग्रीकांनी आग वापरली, आपल्याकडे जमीनच कोरडी ठेवली. आणि देवीला मदत झाली म्हणून कुणी गुण कापले नाहीत, कारण चामुंडा तिच्याच संघात होती.

तेव्हा आजचा पहिला नियम. आपल्या संघात कितीही कुजबुजा. प्रेक्षकांतल्या पुतण्याने तोंड उघडलं की प्रश्न बाद.

हर्क्युलिसचं आणखी एक काम बाद झालं. गोठ्यातलं शेण काढायचं होतं. त्याने दोन नद्या वळवून एका दिवसात काढलं. पण आधी गोठ्याच्या मालकाशी परस्पर सौदा केला होता. क्विझमास्तर म्हणाले, सौदा केलास, गुण नाहीत. म्हणून दुसरा नियम. गुणांवरून घासाघीस नाही. शंका असेल तर फेरी संपल्यावर संघनायकाने हात वर करायचा.

आणि तिसरा. या गोष्टी खूप जुन्या आहेत आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. तुमच्या आजीने सांगितलेली आणि पुस्तकातली एकसारखी नसेल. म्हणून जिथे फरक आहे तिथे प्रश्नातच ग्रंथाचं नाव असेल. ते नीट ऐका.

हर्क्युलिसची दोन कामं बाद झाली, म्हणून त्याला दोन जास्तीची करावी लागली. तुमच्यासाठीही दोन राखीव प्रश्न पाकिटात आहेत. ते उघडायची वेळ येते का, बघू. क्विझमास्तर, पहिला प्रश्न.”

मी मंचावरून मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. त्यापेक्षा वेगात गेलं तर मागच्या रांगेत नावं पोचत नाहीत. या वेगाने वरचं भाषण तीन मिनिटांत बसतं. घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी लहान वाटतं.

आता यात मी मुद्दाम काय गाळलं ते सांगतो, कारण गाळण्यातच खरं काम आहे. हायड्राला किती डोकी होती हे भाषणात नाही. अपोलोडोरस नऊ म्हणतो, डायोडोरस हा इतिहासकार शंभर, आणि पॉसेनियस हा प्रवासी लेखक तर म्हणतो की माझ्या मते एकच असावं, कवींनी वाढवली. तुम्ही मंचावरून ‘नऊ’ म्हणालात की पालकांतले एखादे काका उठणारच. हर्क्युलिसला ही चाकरी का करावी लागली हेही नाही. वेडाच्या भरात त्याच्या हातून स्वतःची मुलं मारली गेली, ही ती कथा. सहावीच्या मुलांसमोर कार्यक्रमाच्या आरंभी ती सांगू नये आणि अर्धवट सांगण्यात तर काहीच अर्थ नाही. खेकडाही मी गाळला आहे, पण तुमच्या जागी मी असतो तर ठेवला असता. ग्रीक कथेप्रमाणे तोच खेकडा आकाशात कर्क रास होऊन बसला, आणि कर्कवृत्ताचं नाव त्या राशीवरून आलं. भूगोलाच्या बाईंनी हे सांगितलं तर मुलांना वेगळीच गंमत वाटेल. एक वाक्य पुरे: “नकाशातल्या कर्कवृत्तावर ज्याचं नाव आहे, तो खेकडा हर्क्युलिसच्या पायाला चावला होता.”

भाषण तयार झालं की सगळ्यात आधी ते प्रश्न काढणाऱ्याला दाखवा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. हायड्रा, रक्तबीज, ऑजियसचा गोठा आणि ‘हर्क्युलिसची कामं किती’ हे प्रश्न संचात असतील तर एक तर ते काढायचे नाहीतर भाषणातला तो भाग. प्रश्न आधीच छापून झाले असतील तर भाषण बदलणं सोपं.

तिसरा नियम मात्र मी अनुभवाने शिकलो, आणि चूक माझीच होती. एका शाळेत मी विचारलं, “अकिलीसच्या शरीराचा कोणता एकच भाग जखमी होऊ शकत होता?” आठवीतल्या एका मुलीने उत्तर दिलं, “सगळंच.” सभागृह हसलं, मी चूक दिलं आणि प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. त्यांनी टाच सांगितली आणि गुण घेतले. कार्यक्रमानंतर ती मुलगी होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याचा अनुवाद घेऊन माझ्याकडे आली. एकविसाव्या सर्गात अस्टेरोपायस नावाचा योद्धा दोन्ही हातांनी भाले फेकतो, एक अकिलीसच्या हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. होमरच्या काव्यात टाचेची गोष्टच नाही. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवलं ही कथा आपल्याला पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे मिळते. तिचं उत्तर बरोबर होतं. माझा प्रश्न अर्धवट होता. त्यावर “दंतकथेप्रमाणे” असं लिहिलं असतं तरी वाद टळला असता.

आपल्या कथांत हा धोका जास्त आहे, कारण त्या सगळ्यांना पाठ असतात. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी “आंधळ्याचा मुलगा आंधळा” म्हणाली, हे विचारून बघा. शंभरातले नव्वद हो म्हणतील. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. 1919 मध्ये सुरू झालेलं ते काम 1966 मध्ये पुरं झालं. त्या आवृत्तीत दुर्योधनाच्या फजितीला पांडव हसतात, दुर्योधन स्वतः बापाला सांगताना द्रौपदीही हसली असं म्हणतो, पण ते वाक्य तिच्या तोंडी नाही. तसंच लक्ष्मणरेषेचं. वाल्मीकींच्या अरण्यकांडात सीतेचे कठोर शब्द ऐकून लक्ष्मण निघून जातो, रेषा काढत नाही. ती नंतरच्या रामायणांत आणि लोकांच्या तोंडी आली. म्हणून ती खोटी, असं मात्र मंचावरून म्हणू नका. लक्ष्मणरेषा शेकडो वर्षं सांगितली गेली आहे, तीही कथाच आहे. प्रश्न इतकाच की तुमच्या कागदावर कोणाची कथा आहे.

याच्याशी लागून दुसरी एक गोष्ट. झ्यूस आणि थॉर यांच्या जुन्या देवळांत आज रोज सकाळी कुणी आरती करत नाही. राम, कृष्ण आणि देवी यांच्या करतात, आणि त्या आरती करणाऱ्यांतले कित्येक तुमच्यासमोर खुर्च्यांवर बसलेले असतील. रक्तबीजाची कथा देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायातली आहे, नवरात्रात घराघरांत तिचा पाठ होतो. म्हणून मी ‘मिथक’, ‘काल्पनिक’ असले शब्द भाषणात टाळतो आणि सगळ्यांनाच ‘गोष्ट’ म्हणतो. ‘गोष्ट’ शब्दाने कुणी दुखावत नाही. आणि चामुंडेचा उल्लेख करताना विनोद गुणांवर करायचा, देवीवर नाही. मसुद्यात तो तसाच ठेवला आहे, वाक्य फिरवताना एवढं बघा.

तुलनेचा मोह होतो, तोही आवरा. “झ्यूस म्हणजे त्यांचा इंद्र” हे वाक्य फार प्रास्ताविकांत ऐकू येतं. वज्र आणि देवांचं राजेपण यांमुळे ते पटतंही. पण नावाचं नातं बघायला गेलं तर झ्यूस हा वेदांतल्या ‘द्यौस्’चा भाऊबंद आहे, आणि रोमनांचा ज्युपिटर म्हणजे ‘द्यौष्पितर्’. इंद्राच्या नावाशी त्याचा संबंध नाही. हायड्राचंही तसंच. तो शब्द पाण्यावरून आला आहे आणि आपल्या ‘उदक’च्याच कुळातला आहे. हे सगळं भाषणात घालायचं नाही, पण कुणी पाहुणे नंतर चहाच्या वेळी विचारतील तेव्हा हाताशी असलेलं बरं. रक्तबीज आणि हायड्रा यांची जोडी मी लावली, ती ‘दोघं एकच’ म्हणून नाही. अडचण सारखी आणि तोडगा वेगळा, एवढंच म्हटलं आहे.

दहा की बारा यावर वाद झालाच तर आणखी एक माहिती. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरावर इसवी सनापूर्वी 460 च्या सुमारास कोरलेले बारा शिल्पपट होते, सहा पुढे आणि सहा मागे. हायड्रा आणि गोठा दोन्ही त्यांत आहेत, कुणी बाद केलेले नाहीत. ऑजियसचं राज्य ऑलिंपियाच्याच परिसरातलं मानलं जाई, तेव्हा घरचं काम ते कशाला वगळतील! म्हणजे ‘बारा’ हा आकडा अपोलोडोरसच्या पुस्तकाहून बराच जुना आहे, दहाचे बारा कसे झाले याची गोष्ट त्याच्याकडे मिळते.

नावांचं काय करायचं हे क्विझमास्तरांशी आधी ठरवा. तुम्ही ‘हेराक्लीज’ म्हणालात, त्यांनी ‘हर्क्युलिस’ विचारलं आणि गुणलेखकाकडे ‘हेरॅकल्स’ लिहिलेलं असलं की मुलं गोंधळतात. मराठीत लिहिताना आयोलाउस आणि वाऱ्यांचा राजा एओलस ही दोन नावं तर हमखास एकमेकांत मिसळतात, म्हणून मी भाषणात पुतण्याचं नाव घेतच नाही. ‘पुतण्या’ म्हटलं की हशाही जास्त येतो. (आपल्याकडे काका-पुतणे म्हटल्यावर पालक कशाला हसतात ते मी सांगायला नको.) युरिस्थियस हे एकच अवघड नाव ठेवलं आहे. घरी पाच-सहा वेळा म्हणा: यु-रिस-थि-यस. अडखळायला झालं तर सरळ ‘राजा’ म्हणा.

शेवटचं, वेळेचं. ईशस्तवन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ हे सगळं तुमच्या आधी असणार, आणि ते वेळेत संपल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून भाषणाची दीड मिनिटाची आवृत्तीही खिशात असू द्या. तीत रक्तबीज जातो आणि गोठाही जातो. हायड्रा, पुतण्या, शून्य गुण, तिथून थेट “प्रेक्षकांतल्या पुतण्याने तोंड उघडलं की प्रश्न बाद”, मग ग्रंथाच्या नावाचं एक वाक्य आणि “पहिला प्रश्न”. घासाघीस करू नका, हे मग क्विझमास्तर पहिला वाद होईल तेव्हा सांगतील. तो पहिल्या फेरीतच होतो.